स्ट्रोकनंतर फिजिओथेरपी : कंपनी म्हणते 'रिहॅबिलिटेशन पॉलिसीत बसत नाही'. कोणाला पैसे मिळालेत का?

मिरजेचा_पोरगा
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

बाबांना (वय ६६) ३ मार्चला पहाटे स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, बोलणं पण गेलं. ९ दिवस हॉस्पिटलमध्ये होते, ते बिल कॅशलेस झालं, त्यात काही तक्रार नाही. १२ मार्चला डिस्चार्ज देताना न्यूरोवाले डॉक्टर म्हणाले की घरी नेऊन काही होणार नाही, आता खरं काम फिजिओचं आहे, रिहॅब सेंटरला न्या. म्हणून त्याच दिवशी ॲम्ब्युलन्सने पुण्याला एका सेंटरमध्ये नेलं, तिथे १८ दिवस, रोजचं ७,००० पॅकेज, म्हणजे १,२६,००० झाले. ३० मार्चला घरी आणलं आणि ३१ पासून रोज फिजिओ घरी येतोय, व्हिजिटचे ७००, रविवार सुट्टी.

पॉलिसी ५ लाखाची, डिस्चार्जनंतर ६० दिवसांचा खर्च मिळतो असं लिहिलंय. मी २४ मेला सगळं एकत्र पाठवलं. रिहॅबचे १,२६,००० सरळ रिजेक्ट, कारण 'रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन' वगळलेलं आहे. घरच्या फिजिओचे ३२,२०० (४६ व्हिजिट) रिजेक्ट नाहीत पण क्वेरी आलीये. शिवाय मावशीचा पगार, वॉकर, पायाचा स्प्लिंट, एअर बेड हे सगळं पण टाकलं होतं, ते गेलंच.

माझा प्रश्न साधा आहे, ज्या आजारासाठी ॲडमिट केलं ते पैसे देता आणि त्याच आजाराने गेलेला हात चालवायला पैसे नाही, हे कसं काय?

अण्णा६२
मी अनुभवावरून सांगतो, फिजिओ हाडाचं मिळतं, मेंदूचं मिळत नाही. आमच्या हिचं खुब्याचं हाड मोडलं, रॉड टाकला, नंतर घरी १५ दिवस फिजिओ, एक रुपया न कापता आले. मेव्हण्याला पॅरालिसिस झाला तेव्हा मात्र एक पैसा नाही. त्यामुळे फार त्रास करून घेऊ नका.

निवृत्त_टीपीए
अण्णा, तुमचे दोन्ही अनुभव खरे असतील पण निष्कर्ष चुकलाय. पॉलिसीत हाड आणि मेंदू असा काही भेद नाही. मी अकरा वर्षं टीपीएत क्लेम तपासायचो (डॉक्टर आहे, नंतर कंटाळून सोडलं), दोन्ही प्रकारच्या फाईली रोज टेबलावर असायच्या. हाडाची फाईल सहसा सुटसुटीत असते, ऑपरेशन झालं, सर्जनने डिस्चार्ज कार्डावर लिहिलं 'फिजिओथेरपी १५ दिवस', बिल आलं १५ दिवसांचं, संपलं. स्ट्रोकमध्ये फिजिओ महिनोन्‌महिने चालते, कार्डावर फक्त 'फिजिओ चालू ठेवा' एवढंच असतं, आणि बिल येतं ते चिठ्ठीवर. मेव्हण्यांचं बहुतेक तिथेच अडलं असेल.

मिरजेचे, तुमचे दोन क्लेम आहेत, ते डोक्यात वेगळे करा. घरची फिजिओ ही 'डिस्चार्जनंतरचा खर्च' या कलमात येते. हे कलम स्वतःच्या पायावर उभं नसतं, ते मूळ ॲडमिशनच्या खांद्यावर बसलेलं असतं. मूळ ॲडमिशन मंजूर झालेलं हवं, खर्च त्याच आजाराचा हवा आणि मुदतीतला हवा. तुमचं मूळ ॲडमिशन मंजूर आहे, म्हणजे अर्धी लढाई झालेलीच आहे. रिहॅबच्या १,२६,००० ची गोष्ट निराळी, ती उद्या लिहितो. आधी क्वेरीत नेमकं काय मागितलंय ते टाका.

मिरजेचा_पोरगा
क्वेरी अशी : १) डॉक्टरांचा फिजिओसाठी सल्ला, किती दिवस ते लिहून २) तारीखवार बिल ३) फिजिओथेरपिस्टचा रजिस्ट्रेशन नंबर ४) उपचाराच्या नोंदी.

आमच्या फिजिओने एका लेटरहेडवर 'घरी फिजिओथेरपी ३१ मार्च ते २२ मे, एकूण ३२,२००' असं लिहून सही केली होती. मला वाटलं पुरेल.

निवृत्त_टीपीए
नाही पुरणार. तपासणाऱ्याच्या जागी बसून बघा, त्याला हे ७०० × ४६ आहे हेच त्या कागदावरून दिसत नाही.

आता मुदत मोजा. डिस्चार्ज १२ मार्चचा, त्यानंतर ६० दिवस म्हणजे ११ मे. ३१ मार्च ते ११ मे हे बरोबर ४२ दिवस, त्यातले ६ रविवार गेले, राहिल्या ३६ व्हिजिट, २५,२०० रुपये. १२ मेपासूनच्या १० व्हिजिटचे ७,००० मुदतीबाहेर आहेत, त्यावर भांडू नका. लोक इथेच चुकतात, ६० दिवस घरी आल्यापासून धरतात, तुम्ही पण रिहॅबहून आलात तिथपासून मोजत होता असं वाटतं. घड्याळ हॉस्पिटलच्या डिस्चार्जपासूनच चालू झालं होतं. काही पॉलिसीत ९० किंवा १८० दिवस असतात, तुमची ६० वाली आहे. कागद द्यायची मुदत पण असते, बऱ्याच पॉलिसीत ती उपचार किंवा ६० दिवस संपल्यावर १५ दिवस. तुम्ही २४ मेला दिलेत म्हणजे थोडक्यात वाचलात.

मावशी, वॉकर वगैरेचं म्हणाल तर अटेंडंट आणि चालायची साधनं न देण्याच्या वस्तूंच्या यादीतच असतात. काही कंपन्या जादा प्रीमियम घेऊन ती यादी उघडून देतात, तुमच्याकडे तसा रायडर नसेल तर सोडून द्या.

सुलभाताई_के
मी पण याच फेऱ्यातून गेले. गणपतीत बाथरूममध्ये पाय घसरला आणि मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी बसवून प्लास्टर घातलं, दोन तासात घरी. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलं तर बोटं लाकडासारखी, मूठ वळेना, पोळी लाटणं तर सोडाच. २० दिवस फिजिओ केली, रोजचे ४००, आठ हजार गेले. कंपनीने एका ओळीत नाही म्हणून कळवलं. डॉक्टरांचं पत्र होतं, तारखा होत्या, नंबर होता, सगळं होतं! मग माझं का नाही?

निवृत्त_टीपीए
सुलभाताई, तुमचे कागद उत्तम असणार पण खाली ॲडमिशनच नाही. प्लास्टर ओपीडीत झालं, त्यामुळे 'डिस्चार्जनंतर' म्हणायला डिस्चार्जच नाही. त्याच मनगटात भूल देऊन तारा घातल्या असत्या तर ते डे केअर धरलं गेलं असतं आणि मग पुढची फिजिओ त्याच्या मागे लागली असती. आता कोणी म्हणेल मग मुद्दाम एक रात्र ॲडमिट व्हायचं का, तर असं करू नका, गरज नसताना केलेलं ॲडमिशन मूळातच नाकारतात. वेगळी अपघात पॉलिसी असेल तर बघा, त्यात काम करता आलं नाही त्या आठवड्यांचे पैसे देणारं कलम असू शकतं. ते फिजिओचं बिल मागत नाही, किती आठवडे कामावर जाता आलं नाही याचा दाखला मागतं.

सुलभाताई_के
मी गृहिणी, मला कोण दाखला देणार? असो.

फिजिओ_नाशिक
सुलभाताई, हे वाचून वाईट वाटलं, कारण बोटं लाकूड व्हायलाच नको होती. प्लास्टर मनगटाला असतं, बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची असतात, मूठ उघड-मिट, खांदा कोपर वर-खाली. पेशंटला कोणी सांगत नाही आणि पेशंट हात गळ्यात अडकवून सहा आठवडे बसतो.

मूळ प्रश्नाबद्दल आमच्या बाजूने सांगते. नोंदी न ठेवणं ही आमच्या धंद्याची वाईट सवय आहे, घरोघरी फिरताना स्कूटरवर फाईल कोण नेणार. पण दहा मिनिटांत एक तक्ता होतो. तारीख, किती वेळ, काय केलं आणि त्या दिवशी पेशंट कुठवर आला. 'व्यायाम करवला' असं ४६ वेळा लिहू नका. असं लिहा : ३ एप्रिल, खाटेच्या कडेला आधाराशिवाय ४ मिनिटं बसले; १४ एप्रिल, एकाच्या आधाराने उभे राहिले; २ मे, चौपायी काठीने दारापर्यंत. अर्थात खरं असेल तेच. शेवटी नातेवाईकाची सही. फिजिओला म्हणावं महाराष्ट्र कौन्सिलचा नंबर लेटरहेडवर छापून घे एकदाचा.

आणि इन्शुरन्स बाजूला ठेवून एक विचारते, बाबांचा उजवा खांदा दुखतो का? खाली ओघळल्यासारखा दिसतो का?

मिरजेचा_पोरगा
हो, दुखतो! मावशी त्यांना उठवताना तोच हात धरून ओढते. तुम्हाला कसं कळलं?

फिजिओ_नाशिक
कारण दहातल्या सात घरात हेच बघते. लुळ्या हातात खांद्याला धरून ठेवायला स्नायूच जागे नसतात, हाताचं वजन आणि वरून ओढ, सांधा निसटतो. त्या हाताला धरून कधीच उठवायचं नाही, काखेत हात घालून पण नाही. मावशीने समोर उभं राहून कमरेला पट्टा किंवा जाड टॉवेल बांधून त्याला धरायचं. झोपताना हाताखाली उशी. उद्याच फिजिओला खांदा दाखवा, हे दुखणं वाढलं की पेशंट सगळाच व्यायाम टाळायला लागतो.

आयुर्वेद_प्रेमी
मी तर म्हणतो फिजिओपेक्षा पंचकर्म करा. आमच्या काकांना तेलाने खूप फरक पडला. आता आयुष पण इन्शुरन्समध्ये बसतं, घरी वैद्य बोलावून करता येईल ना?

निवृत्त_टीपीए
आयुष बसतं, पण आयुष हॉस्पिटलमध्ये भरती होऊन घेतलेले उपचार. घरी येऊन केलेलं मालिश धरत नाहीत. फरक पडतो का नाही हा वाद या धाग्यावर नको.

आता रिहॅबचं, काल राहिलं होतं. पॉलिसीची पीडीएफ उघडा आणि Excl05 शोधा. हा कोड सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत सारखाच असतो, कारण २०१९ मध्ये आयआरडीएने वगळण्यांचे शब्दच ठरवून दिले. शीर्षकात रिहॅबिलिटेशन हा शब्द आहे, त्यामुळे क्लेमवाले शीर्षक वाचून शिक्का मारतात. पण खालचा मजकूर वाचा. त्याचा अर्थ असा की मुख्यतः सक्तीच्या विश्रांतीसाठी केलेली आणि उपचारासाठी नसलेली भरती वगळली आहे. मग पुढे अंघोळ, कपडे, हिंडवणं-फिरवणं यासाठीची देखभाल, आणि शेवटच्या अवस्थेतल्या पेशंटची सेवा. 'उपचारासाठी नसलेली' हे शब्द तुमच्या कामाचे.

तर प्रश्न असा की त्या १८ दिवसांत बाबांवर उपचार चालू होते की त्यांची फक्त देखभाल चालू होती? हे तुम्ही सांगून चालत नाही, सेंटरची केस फाईल काय बोलते ते बघतात. मला सांगा, तिथे डॉक्टर रोज बघायचे का, नाकात नळी होती का, औषधं बदलली का?

मिरजेचा_पोरगा
नळी होती! पहिले ८ दिवस नळीनेच दूध-पेज. मग गिळायचं शिकवणाऱ्या मॅडम यायच्या, त्यांनी आधी घट्ट पदार्थ, मग पातळ असं करत नळी काढली. बीपी खालीवर होत होतं म्हणून गोळी दोनदा बदलली. फिजिओ दिवसातून दोनदा. डॉक्टर रोज यायचे. पण बिलावर फक्त 'रिहॅब पॅकेज १८ दिवस' लिहिलंय आणि डिस्चार्ज कार्डावर 'रिहॅबिलिटेशनसाठी दाखल' असं.

निवृत्त_टीपीए
आणि तिथेच फसलात. मी टेबलावर असतो तर हे दोन कागद बघून मी पण Excl05 लावलं असतं, खोटं का सांगू. पॅकेज म्हटलं की वसतिगृहासारखं दिसतं.

आता करायचं असं. सेंटरकडून पूर्ण इनडोअर फाईल मागा, म्हणजे डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, औषधांचा चार्ट, गिळण्याची तपासणी. बिल फोडून मागा, खोली वेगळी, डॉक्टर वेगळे, फिजिओ वेगळी. न्यूरोवाल्या डॉक्टरांकडून पत्र घ्या की १२ मार्चला पेशंट नळीवर होता, बीपी स्थिर नव्हतं, घरी किंवा ओपीडीत हे होणं शक्य नव्हतं म्हणून मीच पाठवलं. 'पेशंटला रिहॅबची गरज होती' असं मोघम पत्र उलट तुमच्यावरच शेकेल.

अजून एक तपासा, आणि हे आधी तपासा. ते सेंटर पॉलिसीच्या व्याख्येत 'हॉस्पिटल' आहे का? स्थानिक संस्थेकडे नर्सिंग होम म्हणून नोंदणी हवी, ती नसेल तर पुण्यासारख्या शहरात किमान १५ खाटा, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, रोजच्या नोंदी वगैरे अटी लागतात. बरीच सेंटर बंगल्यात चालतात आणि नोंदणी काहीतरी वेगळीच असते. तसं असेल तर ॲडमिशन म्हणून भांडण्यात दम नाही.

तसं निघालं तरी एक वाट राहते. तो १८ दिवसांचा काळ पहिल्या डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांतच येतो ना? मग खोलीभाडं सोडून, फोडलेल्या बिलातली फिजिओ आणि औषधं डिस्चार्जनंतरचा खर्च म्हणून मागायची. माझ्या वेळी काही फाईली अशा पास झालेल्या बघितल्यात, काही नाहीत. हमी देत नाही.

अण्णा६२
एवढी उठाठेव करून काय, शेवटी ते नाहीच म्हणणार. यांची नियतच नसते.

कल्याण_स्लो
एक वेगळाच मुद्दा. बाबांच्या किंवा तुमच्या नावावर कुठे क्रिटिकल इलनेस रायडर आहे का, आयुर्विम्याला चिकटवलेला वगैरे? माझ्या सासऱ्यांचा होता आणि घरात कोणाला माहीतच नव्हतं, कपाटात बाँड सापडला. त्यात स्ट्रोक असतो आणि ते बिलं बघत नाहीत, एकरकमी देतात. पण लगेच नाही, कायमस्वरूपी दोष किमान ३ महिने टिकलाय याचा पुरावा लागतो. आम्ही दीड महिन्यात पाठवलं तर परत आलं, तीन महिन्यांनी न्यूरोचा दाखला जोडून पाठवलं तेव्हा मिळाले. त्याच पैशात वर्षभर फिजिओ झाली.

मिरजेचा_पोरगा
बाबांच्या जुन्या फाईल बघतो. थँक्स, हे डोक्यातच नव्हतं.

फिजिओ_नाशिक
यात एक गंमत आहे बघा. तीन महिन्यांनी 'दोष कायम आहे' असा दाखला घ्यायचा आणि दुसरीकडे फिजिओच्या नोंदीत सुधारणा दाखवायची. लोक घाबरून एकीकडे सुधारणा लपवायला सांगतात. लपवू नका. चालायला लागलेल्या माणसाचा हात गेलेलाच असू शकतो, हात सहसा सगळ्यात मागून येतो. दोन्ही खरं असतं.

मिरजेचा_पोरगा
(दोन महिन्यांनी) अपडेट देतो, विचारत होते म्हणून.

घरची फिजिओ : ३६ पैकी ३४ व्हिजिटचे २३,८०० आले. दोन तारखांना तक्त्यावर आईची सही राहिली होती, त्या कापल्या. न्यूरोच्या पत्रात 'आठवड्यातून ६ दिवस, ३ महिने' असं लिहून घेतलं होतं.

रिहॅब : सेंटरने बिल फोडून द्यायला तीन आठवडे लावले. नोंदणी नर्सिंग होमचीच निघाली, ३० खाटा. सगळं जोडून तक्रार अधिकाऱ्याकडे पाठवलं, परत नकार, यावेळी कलम ०५ सोडून 'हे उपचार ओपीडीत शक्य होते' असं कारण. नळी घातलेल्या माणसाला ओपीडीत कसं न्यायचं ते त्यांनी लिहिलेलं नाही.

निवृत्त_टीपीए
कारण बदललं हे चांगलं लक्षण आहे. म्हणजे Excl05 टिकत नाही हे त्यांच्याही लक्षात आलं. आधी त्यांना लेखी विचारा की हा नकार क्लेम रिव्ह्यू कमिटीने मंजूर केलाय का आणि पॉलिसीचं नेमकं कुठलं कलम लावलंय. २०२४ पासून या दोन्ही गोष्टी त्यांना बंधनकारक आहेत. उत्तर काहीही येवो, नंतर विमा लोकपालाकडे जा. नकाराच्या तारखेपासून एक वर्ष असतं, फी नाही, वकील चालत नाही, तुम्ही स्वतःच बोलायचं. दोन्ही नकारपत्रं शेजारी शेजारी लावा.

निकालाचं मात्र सांगता येत नाही. अशाच केसमध्ये पूर्ण दिलेलं पाहिलंय, नुसती फिजिओ आणि औषधं दिलेली पाहिलीत आणि फेटाळलेलं पण पाहिलंय.

अण्णा६२
मी म्हणालो होतो.

मिरजेचा_पोरगा
अण्णा, २३,८०० आले हो, ते पण वाचा. डॉक्टर, सुनावणीला बाबांना न्यावं लागेल का? चालतात आता काठीने पण जिना जमत नाही.

निवृत्त_टीपीए
नाही, आणि बहुतेक व्हिडिओवरच होईल. नर्सिंग चार्टचं पहिलं पान हाताशी ठेवा, १२ मार्चचं, नळीची नोंद असलेलं. पहिला प्रश्न त्यावरच येईल.